अठरा इंचांतलं 'वाले'

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या अलीकडे एका गल्लीत माझ्या आत्याच्या घरचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, कढया, तवे. दुकानाच्या कपाळावर बारा फूट लांब आणि तीन फूट उंच अशी पत्र्याची पाटी होती. वरच्या ओळीत घराण्याचं आडनाव आणि त्यापुढे 'लोखंडवाले', खाली बारीक अक्षरांत 'शेतीची अवजारे • विळे • सुऱ्या • कुऱ्हाडी'. पिवळ्या जमिनीवर तांबडी अक्षरं, त्यांना उजवीकडून काळी शेड. १९८५ च्या दिवाळीत रंगवलेली. खालच्या कडेला पत्रा गंजून त्याची चाळण झाली, तेव्हा आतेभावानं मला फोन केला. मी पुण्यात अक्षरांचंच काम करते. त्याला नवी पाटी हवी होती, रात्री दिवे लागणारी, आणि त्याच अक्षरांत बिलबुक, पिशवी, मोबाइलवर पाठवायचं चिन्ह. त्याची एकच अट होती. गिऱ्हाईक लांबून येतं, त्याला दुकान ओळखू आलं पाहिजे. 'अक्षर तेच ठेव, फक्त नवं कर.'

या कामात मी काय केलं, पाटी रंगवणाऱ्या तात्यांनी ते बघून काय दाखवलं आणि शेवटी काय उभं राहिलं, ते इथं मांडते. आडनाव गाळलंय. त्याची लांबी हिशेबाला लागते, म्हणून तेवढी सांगते.

मी काय केलं होतं

पाटीचे फोटो काढले. गल्ली अरुंद, म्हणून खालूनच काढावे लागले. ते संगणकावर सरळ केले आणि प्रत्येक अक्षरावरून रेघ फिरवली. पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांत भरली. ओळीच्या सुरुवातीची अक्षरं ऐसपैस होती आणि शेवटचं 'वाले' एकदम सडसडीत. मी मोजलं. सुरुवातीच्या अक्षरांच्या मानानं 'वाले' जेमतेम साठ टक्के रुंदीचं भरत होतं. मला ते फार आवडलं. हातानं अक्षर काढणाऱ्याची लय म्हणतात ती हीच, असं मी मनाशी धरलं. मग नव्या आखणीचा सगळा डोलारा त्यावर उभा केला. पहिलं अक्षर सगळ्यांत रुंद, पुढचं थोडं कमी, त्यापुढचं आणखी कमी, अशी उतरती रचना केली. अक्षराची जाडीही थोडी उतरवली, म्हणजे ती आजची दिसतील. खालच्या ओळीसाठी एक तयार फाँट घेतला आणि आतेभावानं मोबाइलवर पाठवलेला मजकूर त्यात जसाच्या तसा ओतला.

आतेभावाला ते पसंत पडलं. पण म्हणाला, 'तात्यांना दाखवल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही.'

कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द आडनावाच्या तोलानं घेतला जातो. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) मूळचे मेस्त्री, पण गावानं त्यांना पेंटर म्हटलं आणि तेच नाव राहिलं. तात्यांनाही त्यांच्या पेठेत कुणी नावानं हाक मारत नाही. वय सहासष्ट, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. परांचीवर चढणं बंद होऊन आठ वर्षं झाली. दुकान आहे, पण त्यात आता नंबरप्लेटा आणि शाळेचे फळे.

मी टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोट 'वाले'वर ठेवलं. पडद्यावरचं अक्षर बोटानं सरकलं, तसं त्यांनी घाईनं हात काढून घेतला.

'हे असं का केलंस?'

मी लयीचं सांगितलं. रुंदीकडून निमुळत्याकडे जाणारी ओळ, तुमच्या हाताची ओळख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आतल्या खोलीत हाक मारून चहा सांगितला आणि म्हणाले, 'पोरी, ती माझी चूक हाय. चाळीस वर्षं मी त्या गल्लीतनं मान खाली घालून जातोय.'

अठरा इंच

हा हिशेब त्यांनी मला वहीच्या पाठीवर मांडून दाखवला. तो पूर्ण देते, कारण पाटी रंगवणाऱ्याची सगळी आखणी यात आहे.

पत्र्यावर रेड ऑक्साइड मारून, पुट्टी भरून, घासून, जमिनीचा रंग सुकला की आधी दोरी मारायची. नीळ लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधून फटकारली की सरळ रेघ उठते. एक शिरोरेखेची, एक अक्षराच्या पायाची. मग घरं पाडायची. साधं अक्षर म्हणजे एक घर. काना आला की अर्धं घर जास्त. 'ख', 'श' ही अक्षरं अंगानं मोठी, त्यांना दीड. मात्रा, अनुस्वार वर बसतात, त्यांना घर लागत नाही.

लोखंडवाले: 'लो' दीड, 'खं' दीड, 'ड' एक, 'वा' दीड, 'ले' एक. एकूण साडेसहा. आडनावाची घरं साडेचार, दोन शब्दांमधली मोकळी जागा एक. सगळी मिळून बारा.

दुकानदारानं, म्हणजे आतेभावाच्या आजोबांनी, पाटी तेरा फुटी होणार असं सांगितलं होतं. दोन्ही कडांना सहा-सहा इंच सोडले की बारा फूट उरतात. बारा घरं, प्रत्येकी बारा इंच. तात्यांनी घरीच कागदावर मापं काढून ठेवली. सुताराची चौकट दुकानाच्या दोन खांबांच्या आत बसेना, म्हणून त्यानं ती बारा फुटांची केली आणि भिंतीला ठोकूनही टाकली. हे तात्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, आणि त्यांच्या मते चूक ती हीच. वय सव्वीस, काम पाडव्याच्या आदल्या रात्रीचं, बत्तीच्या उजेडात. दोरी मारली, पण शेवटपर्यंत घरं पाडली नाहीत. मापं तोंडपाठ होती, म्हणून डावीकडून थेट अक्षरं काढत निघाले.

आडनाव आणि मोकळी जागा मिळून साडेपाच घरं, म्हणजे सहासष्ट इंच. 'लोखंड' चार घरं, अठ्ठेचाळीस इंच. एकशे चौदा इंच भरून झाले आणि त्यांनी उजवीकडे बघितलं. बारा फुटी पाटीत कडा सोडून एकशे बत्तीस इंच मिळतात. अठरा उरले होते. 'वाले'ला अडीच घरं, तीस इंच हवे होते.

एनॅमल ओलं असताना टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येतं, पण खालची जमीन डागाळते आणि ती पुन्हा मारून सुकायला रात्र पुरत नाही. सकाळी सातला पाडव्याची पूजा होती. त्यांनी 'वाले' अठरा इंचांत बसवलं. अठरा भागिले तीस म्हणजे साठ टक्के. माझ्या फोटोवरून निघालेला आकडा अगदी बरोबर होता. मी त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला होता.

'आजोबांनी काय म्हटलं?' मी विचारलं.

'काय म्हणणार? पेढा दिला. त्यास्नी दिसलंच न्हाई. कुणालाच दिसलं न्हाई. आज चाळीस वर्षांनी तुला दिसलं, आणि तुला ते आवडलं.' ते हसले नाहीत. राग होता असंही नाही. एक उणी जागा आपल्यावाचून कुणीतरी इतकी निरखून बघितली, याचं त्यांना काय वाटत होतं ते माझ्या आजही नीट लक्षात येत नाही.

रस्त्यापलीकडून

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानासमोर बोलावलं. माझी आखणी कागदावर छापून आण म्हणाले. मी ए-फोर कागदावर आणली. ती त्यांनी आतेभावाला पाटीखाली धरायला लावली आणि मला गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथून कागदावर काहीच दिसेना. मी म्हटलं, हे बरोबर नाही, कागद केवढा आणि पाटी केवढी.

'मग बरोबर कसं बघायचं ते तू सांग की.'

हिशेब सोपा होता आणि तो मी आधी करायला हवा होता. गल्लीच्या तोंडापासून पाटी साठ फुटांवर. बारा फुटांची पाटी साठ फुटांवरून, म्हणजे एकास पाच. कागदावर आखणी वीस सेंटिमीटर रुंद असेल तर ती एक मीटरवरून बघायची. डोळ्याला दोन्ही सारख्याच मोठ्या दिसतात. मी मात्र इतके दिवस तीस सेंटिमीटरचं चित्र पडद्यावर पन्नास सेंटिमीटरवरून बघत होते. तसं बघणं म्हणजे पाटीसमोर वीस फुटांवर उभं राहणं. वीस फुटांवर तर माणूस दुकानाच्या पायरीजवळ पोचलेला असतो.

एक मीटरवर कागद धरला आणि 'ख' फुटला. 'ख' या अक्षरात डावीकडचा 'र'सारखा भाग उजवीकडच्या 'व'ला खालून एका छोट्या रेघेनं जोडलेला असतो. ती रेघ दिसेनाशी झाली की 'ख'चा 'रव' होतो. मी जाडी उतरवली होती, त्यात ही जोडरेघ सगळ्यांत बारीक. लांबून माझी पाटी 'लोरवंडवाले' वाचत होती.

मान वर करून तात्यांचा 'ख' बघितला. जोडरेघ जवळजवळ दंडाइतकी जाड होती. जवळून तो 'ख' जरा बोजड वाटतो. संगणकावर रेघ फिरवताना मी तो 'दुरुस्त' केला होता. शिवाय त्यांनी 'र' आणि 'व'मधली फट दोन अक्षरांमधल्या फटीपेक्षा निम्मी ठेवलेली. त्यामुळे जोडरेघ पुसट झाली तरी डोळा त्या दोघांना एकच धरतो. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. त्यांनीही कुठं शिकलं नव्हतं. उस्तादानं एकदा 'रव'वरून पाठीत काठी घातली होती, एवढंच ते सांगतात.

खालच्या ओळीकडे वळलो, तेव्हा बोलणं माझ्यासाठी अवघड झालं. मी टाकलेल्या ओळीत 'सुर्या' आणि 'कुर्हाडी' होतं. तात्यांनी 'सुर्या' मोठ्यानं वाचलं, जसं लिहिलंय तसं, 'र'चा रफार 'य'वर चढवून. 'ह्यो कोण? सूर्या? इथं सुऱ्या विकतात.'

हा दोष फाँटचा नव्हता. आतेभावानं मोबाइलवर घाईत साधा 'र' टाइप केला होता आणि मी न वाचता तो उचलला. मराठीत 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्यातला आडवा, पापणीसारखा 'र' संगणकाला वेगळा सांगावा लागतो:

```
U+0930 U+094D U+092F  →  र्य   (दर्या)
U+0931 U+094D U+092F  →  ऱ्य   (दऱ्या)
```

'कुऱ्हाडी'तही तेच, फक्त पुढे 'य'ऐवजी 'ह'. पडद्यावर दोन्ही सुबक दिसतात, म्हणून नजर घसरते. पकडायचा उपाय एकच, मजकूर मोठ्यानं वाचायचा. तात्या अक्षर काढताना ते तोंडानं पुटपुटतात. ती सवय मला आधी म्हातारपणाची वाटली होती.

आणि बिलबुकासाठी मी 'घाऊक व किरकोळ विक्रीचे दालन, कोल्हापूर' अशी ओळ टाकली होती. तिच्यातला 'ल' दंडाचा होता, हिंदी वळणाचा. पाटीवर तात्यांचा 'ल' पाकळ्यांचा, मराठी वळणाचा. बऱ्याच देवनागरी फाँटमध्ये 'ल' आणि 'श' यांची दोन्ही वळणं भरलेली असतात, पण मजकूर मराठी आहे हे सांगितल्याशिवाय हिंदी वळण पुढे येतं. वेबपानावर ते `lang="mr"` लिहून सांगता येतं. छपाईच्या फाइलीत भाषा मराठी निवडावी लागते, आणि तेवढ्यानं बदललं नाही तर फाँटच्या तक्त्यातून ते अक्षर हातानं उचलून बसवावं लागतं. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानं मराठी वळणच प्रमाण ठरवलंय. तरी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिल्यावर आमच्या गल्लीत ज्या नव्या पाट्या लागल्या, त्यांतल्या बहुतेकांवर दंडाचाच 'ल' आहे. पाट्या मराठी आणि अक्षर परकं, हे मला खरोखर लागतं.

पुन्हा आखणी

आता प्रश्न 'वाले'चा होता. आतेभावाची अट होती, गिऱ्हाइकाला दुकान ओळखू आलं पाहिजे. चाळीस वर्षं लोकांनी अरुंद 'वाले'च बघितलंय. मी म्हटलं, ते ठेवू या, पण माझ्यासारखी उतरती रचना न करता जसं होतं तसं. तात्या ऐकेनात. 'तुझ्या मशिनीत माझी चूक घातलीस तर ती कायमची झाली. बिलावर, पिशवीवर, सगळीकडं.' हे म्हणणं मला बिनतोड वाटलं. हाताची चूक एका पाटीपुरती राहते आणि पत्र्याबरोबर गंजून जाते. फाइलीतली चूक प्रत्येक छपाईबरोबर नव्यानं जन्मते.

मग घरं पुन्हा पाडली. पाटी बारा फुटीच राहणार, कारण खांब तिथंच आहेत. एकशे बत्तीस इंच, बारा घरं, प्रत्येकी अकरा इंच. प्रत्येक घराला एक इंच कमी झाला आणि 'वाले'ला साडेसत्तावीस इंच मिळाले. साडेचार इंचांनी आडनाव बारीक झालंय हे आजवर कुणी ओळखलेलं नाही.

अक्षरं पडद्यावर काढायची नाहीत असं मीच ठरवलं. दुकानाच्या माळ्यावर ब्राऊनपेपरची गुंडाळी पसरली, दोरी मारली आणि तात्यांनी खडूनं पूर्ण मापाची अक्षरं काढली. उजवा हात थरथरतो, म्हणून डाव्या मुठीत काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवत. उभ्या रेघा थरथरल्या, वळणं मात्र नाहीत. वळण काढताना सगळा खांदा फिरतो, तिथं बोटांचा कंप पोचत नाही. 'वा'ला येईपर्यंत दुपार झाली. 'वा' काढून ते मागं सरकले, पुन्हा पुढे आले, काना थोडा आणखी उजवीकडे नेला. 'ले'ला त्यांनी एवढी मोठी मात्रा दिली की मी हटकणार होते.

कागदाचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेतले, या वेळी वर उभं राहून आणि शेजारी पट्टी ठेवून. उभ्या रेघा मी सरळ केल्या, वळणांना हात लावला नाही. खालच्या ओळीची अक्षरंही त्यांचीच घेतली.

फॅब्रिकेटरकडे एक वेगळीच अडचण निघाली. इंग्रजी अक्षरं सुटी-सुटी असतात. मराठी शब्द शिरोरेखेनं एकसंध, म्हणून 'लोखंडवाले' हा सहा फुटांचा एकच तुकडा झाला. त्याच्याकडच्या अॅक्रिलिकच्या पेट्या चार फुटांवर जाईनात. तो म्हणाला, शिरोरेखा मधोमध कापू. पण मधे कापली की रात्री दिवा लागल्यावर सांध्याची काळी चीर दिसते. तात्यांनी सांगितलं, 'ड'च्या मानेवर काप. 'ड' शिरोरेखेला एका छोट्या मानेनं लटकतो. तिथं शिरोरेखा आणि मान एकत्र येऊन रंगाचा गठ्ठा होतो, नजर तिथं रेघेचा शोध घेत नाही. कापलं, आणि दिवसा सांधा दिसत नाही. अनुस्वार आणि मात्रेची टोकं सुटी पडू नयेत म्हणून मागून पट्ट्या लावल्या. खालची ओळ तीन इंची, तिच्या रेघांत दिव्यांची पट्टी मावत नव्हती, म्हणून ती साध्या कापीव विनाइलची केली.

पाटी लागली त्या संध्याकाळी तात्या रिक्षानं आले. आधी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाचलं. मग मागं मागं चालत गेले, मी बरोबर. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत 'ख' फुटला नाही. तिथून पुढे गल्ली वळते.

सातला आतेभावानं बटण दाबलं. अक्षरं पेटली आणि मी गाड्यापाशी उभी होते तिथून 'ख' भरून आला. दिवसा ती फट निम्मी ठेवल्यानंच अक्षर टिकत होतं. रात्री दोन्ही बाजूंच्या उजेडानं ती बुजली आणि तिथं एक पांढरा ठोकळा दिसायला लागला. एनॅमलच्या अक्षराला उजेड सांडत नाही, त्यामुळे तात्यांनाही हे कधी भेटलं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक केले, एकदा चांगला डोळा झाकून बघितलं.

'फट किती हाय तिथं?'

'सव्वा इंच.'

'दोन कर. न्हाईतर दिवा कमी कर. आधी दिवा कमी करून बघ, फुकटात हुतंय ते.'

फॅब्रिकेटरनं दिव्यांचा जोर निम्म्यावर आणला. 'ख' उघडला, पण पावसाळी संध्याकाळी निम्म्या उजेडात आडनाव मंद दिसतं, अशी आतेभावाची तक्रार आहे. 'ख'ची पेटी उतरवून फट पावणेदोन इंचांची करायची असं आता ठरलंय. दिवसा तो 'रव' होतो का, ते आधी ब्राऊनपेपरवर कापून, साठ फुटांवरून बघायचं आहे. तात्यांनी रविवार दिलाय.